म्हाताऱ्या फोनांचा खण

आमच्या ऑफिसात नवा माणूस पहिल्या दिवशी हमखास एक चूक करायचा. कोपऱ्यातल्या टेबलाशी, नाकावर चष्मा ओढून बसलेल्या, पन्नाशी उलटलेल्या बाई त्याला दिसायच्या आणि तो त्यांना विचारायचा, "मावशी, चहा कुठे मिळतो?" बाई मान वर न करता हाताने दिशा दाखवायच्या. दुपारी त्या माणसाचं पहिलंवहिलं काम त्याच टेबलावर तपासायला जायचं आणि सहा चुका घेऊन परत यायचं. मग तो आमच्यापाशी येऊन दबक्या आवाजात विचारायचा, "त्या नक्की कोण?"

त्या मेट्रन. हे आम्ही ठेवलेलं नाव. एकोणीस वर्षं त्यांनी इस्पितळात सिस्टर म्हणून काढली. पेशंट उचलून उचलून कंबर गेली, डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली, तेव्हा घरी बसण्याऐवजी त्यांनी तीन महिन्यांचा कोर्स केला आणि सॉफ्टवेअर तपासायच्या कामाला लागल्या. आमचं ॲप होतं घरोघरी जाणाऱ्या सिस्टर लोकांसाठी. कुठल्या पेशंटला कुठलं औषध, किती वाजता, किती द्यायचं, हे सगळं त्यांच्या हातातल्या फोनमध्ये. साहेबांनी मेट्रनना घेतलं ते म्हणूनच. "आपल्यात निदान एकाने तरी सुई हातात धरलेली असावी," असं ते म्हणाले होते. साहेब कधी कधी शहाण्यासारखं बोलायचे.

मी त्या ॲपचा डेटाबेस सांभाळायचो. म्हणजे फोनमध्ये जी माहिती साठवली जाते तिची कपाटं, कप्पे, कुलपं माझ्याकडे. आणि तेव्हा मला वाटायचं की मी फार हुशार आहे. हे आधीच सांगून टाकतो, पुढे सांगायला जास्त लाज वाटेल.

मेट्रनच्या टेबलाला एक खोल खण होता. त्यात अकरा जुने फोन. प्रत्येकाच्या पाठीवर इस्पितळातली चिकटपट्टी, आणि तिच्यावर त्यांच्या गोल अक्षरात माहिती. "दोनदा पडलेला. घाईत वापर. आठ महिन्यांच्या नोंदी." "अंगठा जाड. दोनदा दाबते." "बॅटरी मरते." रोज सकाळी आल्या आल्या पंधरा-वीस मिनिटं त्या या फोनांत खोट्या पेशंटच्या नोंदी करायच्या, अगदी खऱ्या सिस्टरने कराव्यात तशा. पेशंट म्हणून त्यांनी सगळी सासरची माणसं घेतली होती. त्यांच्या नणंदेला त्या खणात अकरा वेगवेगळे आजार होते, आणि एकही बरा होत नव्हता.

"हे फोन एकदा पुसून का टाकत नाही?" मी एकदा विचारलं होतं. "किती हळू चालतात."

"माणूस म्हातारा झाला म्हणून त्याची आठवण पुसतोस का?" त्या म्हणाल्या. "नवीन फोनमध्ये सगळंच चालतं रे. नवीन लग्नासारखं. खरं काय ते आठ महिन्यांनी कळतं. या खणाला हात लावायचा नाही."

मी हसलो होतो. त्यांच्या बोलण्यात इतकं तथ्य असेल असं मला तेव्हा वाटलं नाही.

मग दोन महिन्यांपूर्वी त्यांची कंबर पुन्हा धरली आणि त्या चार दिवस रजेवर गेल्या. नव्या आवृत्तीची घाई चालली होती, तपासायला फोन कमी पडत होते. मी खण उघडला, अकराच्या अकरा फोन पुसून कोरे केले आणि त्यांत नवी आवृत्ती घातली. सगळे फोन सुरळीत चालले. मला तर वाटलं, मी बाईंवर उपकारच केले.

त्या परत आल्या. खण उघडला. एक फोन चालू केला, दुसरा केला.

"सगळे?" त्यांनी विचारलं.

"सगळे. आता बघा कसे पळतात."

त्यांनी खण बंद केला आणि हात धुवायला गेल्या. बराच वेळ नळ चालू होता. त्या दिवशी त्यांनी माझ्या नावावर एक तक्रार नोंदवली: "चुकलेला किंवा बदललेला डोस सिस्टर लोक पुसत नाहीत. त्याच वेळेवर दुसरी नोंद करतात. नवा नियम लावण्याआधी जुन्या फोनवर बघावं." मी त्याखाली लिहिलं, "असं करणं चुकीचं आहे," आणि तक्रार बंद केली. एका मिनिटाचंही काम नव्हतं ते.

नवा नियम माझाच होता. एका पेशंटला, एका औषधाची, एका वेळेला एकच नोंद. दोन नोंदी आल्या तर डेटाबेसने त्या घ्यायच्याच नाहीत. कागदावर किती छान दिसतं! फक्त जुन्या फोनमध्ये आधीपासून भरलेली माहिती या नव्या नियमात बसवावी लागते. त्याला आम्ही मायग्रेशन म्हणतो. भरलेल्या कपाटाचे कप्पे बदलण्यासारखं असतं ते. कोऱ्या फोनला याची गरज नसते, तिथे नवं कपाटच येतं. आणि माझ्या हातातले सगळे फोन मी कोरे करून ठेवले होते.

त्यानंतरच्या सोमवारी रात्री नवी आवृत्ती सगळ्या सिस्टरच्या फोनमध्ये आपोआप गेली. कंपनीचेच फोन, एकूण एक्केचाळीस.

मंगळवारी सकाळी मी रंगाच्या दुकानावरचा जिना चढून ऑफिसात आलो तेव्हा हेल्पडेस्कचे दोन्ही फोन वाजत होते. हेल्पडेस्कवर जो बसायचा त्याला आम्ही गोडबोल्या म्हणायचो. चिडलेल्या माणसालाही तो साखरेत घोळून परत पाठवायचा. आज त्याचा आवाज थोडा पातळ झाला होता.

"ॲप उघडतच नाही म्हणतायत," तो माझ्याकडे बघून म्हणाला. "आपलं चिन्ह येतं, खाली गोल फिरतं, आणि फिरतच राहतं. फोन बंद करून चालू केला तरी तेच."

"किती जणी?"

"आत्तापर्यंत चौदा."

मी माझ्याजवळचा फोन उघडला. ॲप चटकन सुरू झालं. खणातला एक काढला. तोही सुरू झाला. मेट्रन माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"तुझा चालणारच," त्या म्हणाल्या. "तुझ्या फोनला कालचा दिवस आहे कुठे?"

साडेनऊपर्यंत आकडा सव्वीस झाला, दहाला पस्तीस. सुरुवातीपासून चालत होते ते फक्त दोन फोन, आणि ते दोन्ही मागच्याच आठवड्यात नव्या भरती झालेल्या सिस्टरना दिलेले. कुठे घोडं अडलंय ते मला तेव्हाच समजलं होतं, पण मी ते अजून तोंडाने म्हणत नव्हतो.

जवळच राहणारी एक सिस्टर तिचा अडकलेला फोन घेऊन आली. मी तो वायरने कॉम्प्युटरला जोडला आणि ॲप उघडलं. पडद्यावर आमचं चिन्ह, तळहातावर छोटं हृदय, आणि त्याखाली ते फिरणारं वर्तुळ. कॉम्प्युटरवर ओळी धावायला लागल्या आणि एका ओळीवर थांबल्या. नियम मोडला, म्हणून नवा निर्देशांक, म्हणजे नोंदींची नवी सूची, बनवता येत नाही. एकाच वेळेच्या दोन नोंदी सापडल्या होत्या. मायग्रेशन तिथेच फसत होतं आणि डेटाबेस गुमान होता तसा जुन्या रूपात परत जात होता. ॲप मात्र डेटाबेस तयार झाल्याची वाट बघत चिन्हापाशीच उभं राहत होतं. चूक झाली हे कुणाला सांगायची सोयही मी ठेवली नव्हती. चूक गिळून टाकायची, असं मीच लिहिलं होतं. पुढच्या वेळी ॲप उघडलं की पुन्हा तेच.

"म्हणजे माहिती गेली?" मेट्रननी विचारलं.

"नाही. उलट सगळी जागच्या जागी आहे. फक्त दार उघडत नाही."

"आणि ॲप काढून परत टाकलं तर?"

मी उत्तर द्यायच्या आत पलीकडून गोडबोल्याचा गोड आवाज आला. "हो ताई, केंद्रात जा, ॲप काढून टाका, परत घाला, एकदम व्यवस्थित चालेल..."

मेट्रनना कंबरेचा त्रास आहे हे मी त्या क्षणी विसरलो, त्याही विसरल्या असाव्यात. त्या धावल्या आणि त्याच्या हातातून फोन काढून घेतला. "सिस्टर, ऐका. काही काढू नका. फोनला हात लावू नका. मी सांगेपर्यंत नाही."

गोडबोल्या चक्रावला. "मी काय केलं? कागदावर लिहिलंय तेच सांगतोय." त्याने कागद पुढे केला. पहिली पायरी, फोन बंद करून चालू करा. दुसरी पायरी, ॲप काढून पुन्हा टाका. तो कागदही मीच लिहिलेला होता. मेट्रननी त्याला बाकीच्या सगळ्यांना 'काही काढू नका' असे फोन लावायला बसवलं.

गोष्ट अशी होती. पेशंटची माहिती उघड्या नेटवर्कवरून जाऊ नये म्हणून फोनमधल्या नोंदी सर्व्हरला जायच्या त्या फक्त केंद्रातल्या, म्हणजे सिस्टर लोक जिथून निघायच्या त्या जागेतल्या, वायफायवरून, आठवड्यातून एकदा, शनिवारी. आज मंगळवार. रविवारपासून ज्या ज्या पेशंटचं औषध बदललं, वाढलं, थांबलं, ते फक्त त्या त्या फोनमध्ये होतं, दुसरीकडे कुठेही नाही. कागदावर लिहिणं वर्षापूर्वीच बंद केलेलं. 'आता कागद नको' हे वाक्य आमच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात होतं. ॲप काढलं की फोनमधली माहिती जाते, आणि परत टाकलं की शनिवारची शिळी माहिती येऊन बसते. वरून सगळं नीट दिसतं. हेच भयंकर होतं. अडकलेला पडदा निदान सांगतो तरी की काहीतरी बिघडलंय.

साहेब आत आले, त्यांना सगळं सांगितलं. ते घाईत म्हणाले, "मग असं कर ना. डेटाबेस उघडला नाही तर पुसून नवा बनवायचा. दोन ओळींचं काम. शनिवारपर्यंतचं सर्व्हरवर आहेच."

"आणि रविवारपासूनचं?" मी ताठ मानेने विचारलं. तेवढं तरी मला कळत होतं. साहेब आपल्या केबिनकडे वळले. मला जरा बरं वाटलं. नाकाने कांदे सोलायची सवय अशी लवकर जात नाही.

बाराच्या सुमारास एक फोन आला तो मेट्रननीच घेतला आणि आमच्यासाठी मोठ्याने लावला. पलीकडे एक नवी सिस्टर होती, आवाज घाबरलेला. तिच्या मार्गावरच्या नेहमीच्या सिस्टरचं आज सकाळी ऑपरेशन होतं, म्हणून फोन आणि पेशंट काल रात्री हिच्या हवाली झाले होते.

"एक आजोबा आहेत. घड्याळं दुरुस्त करायचे. पक्षाघातानंतर बोलता येत नाही त्यांना," ती सांगत होती. "त्यांचं संध्याकाळचं सहाचं इन्सुलिन आहे. ताई जाताना म्हणाल्या, आजोबांचा डोस बदललाय, फोनमध्ये बघ. किती ते मी विचारलं नाही. फोनमध्ये आहेच म्हटल्यावर..."

"दवाखान्यात विचारलंस?"

"विचारलं. तिथल्या कॉम्प्युटरवर चोवीस युनिट दिसतात."

तो कॉम्प्युटरही आमच्याच सर्व्हरवरून वाचत होता. म्हणजे शनिवारचं.

"बदललं कुणी?"

"मोठ्या डॉक्टरांनी, रविवारी फोनवर. ते आज विमानात आहेत. आजीला विचारलं, त्यांना नीट दिसत नाही, त्या म्हणाल्या, कमी केलं की वाढवलं, कोण जाणे."

मेट्रननी डोळे मिटले. "मूत्रपिंडाचा त्रास आहे का त्यांना?"

"हो. पाय सुजलेत."

"मग कमीच केलं असणार. पण किती, ते अंदाजाने नाही द्यायचं. चोवीस तर मुळीच नाही. साडेपाचपर्यंत मला वेळ दे. केंद्रात जाऊन बस, पण ॲपला हात लावू नकोस. काय करायचं नाही?"

"ॲप काढायचं नाही."

"परत सांग."

"ॲप काढायचं नाही."

त्यांनी फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. इस्पितळात रात्रीच्या पाळीत जसं घड्याळाकडे बघतात तसं. "सहा," त्या म्हणाल्या.

मी कामाला लागलो. चूक कळली की दुरुस्ती सोपी असते, असं मला वाटलं. एकाच वेळेच्या दोन नोंदी नियमात बसत नाहीत ना, मग नियम लावायच्या आधी जादाच्या काढून टाकायच्या. पहिली ठेवायची, नंतरची पुसायची. अर्ध्या तासात लिहून झालं. अडीच वाजता मी मेट्रनना बोलावलं. समोरच्या सिस्टरचा फोन टेबलावर होता, वायर जोडलेली होती, आता फक्त एक बटण दाबायचं बाकी होतं.

"याच्यात काय केलंस ते साध्या भाषेत सांग," त्या म्हणाल्या.

"दुबार नोंदी निघतील. प्रत्येक वेळेला एकच राहील."

"कुठली ठेवतोस?"

"पहिली. मूळची."

मेट्रन इतका वेळ उभ्या होत्या त्या खुर्ची ओढून बसल्या. ज्या सिस्टरचा तो फोन होता तीही पाण्याचा ग्लास हातात धरून माझ्याकडे बघायला लागली.

"अरे, दुसरी खरी असते," मेट्रन म्हणाल्या. "तुम्ही लोकांनी लिहिलेली नोंद बदलता येणार नाही असं करून ठेवलंत. चांगलं केलंत, कुणी लबाडी करायला नको. पण डॉक्टर डोस बदलतात, त्याचं काय करायचं? म्हणून त्या खाली दुसरी लिहितात. त्याच वेळेची. सगळ्या सिस्टर खालचीच वाचतात. नव्या आलेल्या पोरीलासुद्धा पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"खालची वाचायची," ती सिस्टर म्हणाली. "एवढं तर सगळ्यांना माहितीये."

सगळ्यांना म्हणजे मी सोडून सगळ्यांना. आणि मलाही मेट्रननी लिहून कळवलं होतं.

"हे बटण दाबलं असतं तर पुसलेलं परत आलं असतं?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणालो, "नाही."

मघाशी मायग्रेशन फसत होतं म्हणून माहिती सुरक्षित होती. माझी दुरुस्ती यशस्वी झाली असती तर एक्केचाळीस फोनांतले सगळे बदललेले डोस एका झटक्यात गेले असते, ॲप छान उघडलं असतं आणि आजोबांच्या नावापुढे चोवीस दिसलं असतं. आम्ही पेढेही वाटले असते. माझे हात थरथरायला लागले. मी ते टेबलाखाली घेतले.

"आता थरथरू नकोस, वेळ नाही," मेट्रन म्हणाल्या. "थरथरायचं ते सहानंतर. मीही तेव्हाच थरथरायची."

मग मी उलटं काम केलं. नियमच काढून टाकला. एकही ओळ पुसायची नाही, एकाच वेळेच्या दोन नोंदी असतील तर दोन्ही राहू द्यायच्या, ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने दाखवायच्या. आणि डेटाबेस उघडला नाहीच, तर वर्तुळ फिरवत न बसता पडद्यावर सरळ लिहायचं, 'माहिती सुरक्षित आहे, ॲप काढू नका, आम्हाला फोन करा.' हे वाक्य मेट्रननी सांगितलं. मी तीनदा वाचलं, त्यांनी तीनदा वाचून घेतलं. चार वाजता आम्ही नवी आवृत्ती त्या सिस्टरच्या फोनवर जुनीच्या वरून घातली. तळहात आला, हृदय आलं, वर्तुळ फिरायला लागलं. मग पेशंटची यादी उघडली. सिस्टरने बोटाने एकेक नाव तपासलं, रविवारचं, सोमवारचं. "आहे," ती म्हणत होती. "हेही आहे. हेही."

पाच वाजायला दहा कमी असताना आवृत्ती सगळ्या फोनांना सोडली. वीस मिनिटांनी नव्या सिस्टरचा केंद्रातून फोन आला.

"उघडलं. आजोबांचं दिसतंय. सहा वाजताचं दोनदा आहे. वर चोवीस, खाली आठ."

"खालचं वाच."

"आठ."

"परत."

"आठ युनिट."

"आठच," मेट्रन म्हणाल्या. "आधी साखर तपास, मग दे. आजीला सांग, काही खाल्ल्याशिवाय झोपू देऊ नको."

त्यांनी फोन ठेवला आणि खरंच थरथरल्या. दोन्ही हात मांडीवर, नजर जमिनीवर. मी पाणी आणून दिलं. मला त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटत होतं. ऑफिसात असं कुणी करत नाही, म्हणून मी नुसता उभा राहिलो. पलीकडे साहेब टाळ्या वाजवून सगळ्यांना शाबासकी देत होते.

पण मेट्रन शाबासकी ऐकत नव्हत्या. त्यांनी यादी मागितली. कुठला फोन कुठल्या आवृत्तीवर आहे, कधी उघडला, आत किती नोंदी आहेत. मी ती पडद्यावर आणली. अडतीस फोनांत वर्षभराच्या, आठवडाभराच्या, जशा हव्यात तशा नोंदी होत्या. तीन फोन मात्र वेगळे होते. आजच सकाळी, पावणेनऊ ते साडेनऊच्या दरम्यान, कोरे होऊन पुन्हा भरलेले. आत सगळं शनिवारपर्यंतचं. रविवार नाही, सोमवार नाही.

गोडबोल्याने मान खाली घातली. "पहिल्या तासाभरात तिघी आधीच केंद्रात होत्या," तो म्हणाला. "मी त्यांना..." त्याच्या आवाजातली साखर पहिल्यांदाच संपली होती.

त्या तिघींना तेव्हाच फोन लावले. पहिलीने वहीत गुपचूप लिहून ठेवलं होतं. कागद नको म्हणून बजावलेलं असूनही. मेट्रन तिला म्हणाल्या, "शंभर वर्षं जग." दुसरीच्या मार्गावर त्या दोन दिवसांत काहीच बदललं नव्हतं. तिसरी फोन उचलत नव्हती. रात्री तिचा निरोप आला की घरात आजारपण होतं, उद्या सकाळी भेटते.

सकाळी मेट्रन आणि मी तिला तिच्या केंद्रात भेटलो. शांत, नीटनेटकी बाई. तिच्याकडे नऊ घरं. आठ घरांचं तिने तोंडपाठ सांगितलं, मी लिहून घेतलं. नवव्या घराशी ती अडखळली.

"रविवारी मी रजेवर होते. त्या घरी बदली सिस्टर गेली होती. काही बदललं असेल तर तिनेच लिहिलं असणार. मी काल संध्याकाळी फोनमध्ये दिसलं तसं दिलं."

"काय दिलं?"

"रक्त पातळ करायची गोळी, एक दिवसाआड असते ती. अख्खी."

बदली सिस्टरला लगेच फोन लावला. हो, मोठ्या डॉक्टरांनी, ज्यांचा फोन अजूनही बंदच होता, रविवारी गोळी कमी करायला सांगितली होती. अर्धी की पाव, ते तिला आठवेना. "मी लिहिलं ना फोनमध्ये," ती सारखी म्हणत होती. "तेव्हाच लिहिलं."

नववं घर गल्लीच्या शेवटी होतं. चार पायऱ्या, निळा दरवाजा, बाहेर चपलांचे तीन जोड. मेट्रन कंबरेवर हात धरून पायऱ्या चढल्या आणि त्यांनी घंटा वाजवली. दार उघडलं ते सुनेने. केस विंचरलेले नव्हते, एका खांद्यावर पिशवी, निघायच्या घाईत होती.

"आई हॉस्पिटलमध्ये आहेत," ती म्हणाली. "पहाटेपासून नाकातून रक्त थांबेना."

तिने आमच्या गळ्यातली ओळखपत्रं बघितली. त्यावरचा तळहात आणि हृदय बघितलं. तिचा चेहरा थोडा सैल झाला.

"तुम्ही त्या ॲपचे ना? बरं झालं आलात. डॉक्टर सकाळपासून एकच विचारतायत, रविवारपासून गोळी कितीची चालू होती. आम्ही म्हटलं, ते सगळं सिस्टरच्या फोनमध्ये असतं, आम्ही नाही लिहीत. तेवढं सांगता का?"

त्या एका गोळीने झालं असं कुणी म्हटलं नाही, डॉक्टरही पुढे म्हणाले नाहीत, आणि मीही म्हणत नाही. पण तिने विचारलं ते एवढंच होतं, आणि ज्या ओळीत उत्तर होतं ती जगात एकाच ठिकाणी लिहिलेली होती.

मी तोंड उघडलं. काय सांगणार होतो कोण जाणे. मायग्रेशन, निर्देशांक, आवृत्ती, असंच काहीतरी. मेट्रननी माझ्या हातावर हात ठेवून मला थांबवलं.

"आम्हाला माहीत नाही, बाई," त्या म्हणाल्या. "अर्धी की पाव, ते नक्की सांगता येत नाही. डॉक्टरांना सांगा, काल संध्याकाळी अख्खी गेली आहे, आणि ती चुकून गेली. जे लिहिलं होतं ते आमच्याकडून पुसलं गेलं."

त्या 'त्याच्याकडून' म्हणाल्या नाहीत. सून आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिली, आणि तिने खांद्यावरची पिशवी हळूच खाली ठेवली.